महिन्याचा सरासरी डॉलर दर: साधा की भारित?

परदेशातून पैसे येणाऱ्या आमच्या बऱ्याच ग्राहकांचा महिनाअखेरीचा प्रश्न ठरलेला असतो: "या महिन्यात डॉलर सरासरी काय भावाने पडला?" चार वेळा पैसे आले असतील, तर चारही दर मिळवून चाराने भागायचे, हा सोपा मार्ग. पण तो चालतो फक्त रकमा साधारण सारख्या असतील तेव्हा.

समजा, मालाचे पैसे असे जमा झाले (दर केवळ उदाहरणासाठी):

| तारीख | डॉलर | दर (रु.) | जमा रुपये |
|---|---|---|---|
| ३ | २,००० | ८४.०० | १,६८,००० |
| ११ | १,००० | ८४.६० | ८४,६०० |
| १९ | १,५०० | ८५.२० | १,२७,८०० |
| २८ | १५,५०० | ८६.२० | १३,३६,१०० |
| एकूण | २०,००० | | १७,१६,५०० |

चार दरांची साधी सरासरी ८५.०० येते. तिने २०,००० डॉलरला गुणलं तर १७,००,००० रुपये होतात. बँकेत मात्र १७,१६,५०० आलेत. हे १६,५०० रुपये कुठे गेले? कुठेच नाही. २८ तारखेच्या साडेपंधरा हजार डॉलरला आपण ११ तारखेच्या हजार डॉलरइतकंच वजन दिलं, एवढंच. मोठी रक्कम चढ्या भावात आली, म्हणून साधी सरासरी कमी दाखवते. तीच रक्कम ३ तारखेला आली असती, तर साधी सरासरी जास्त दिसली असती.

भारित सरासरीत जमा रुपयांच्या बेरजेला डॉलरच्या बेरजेने भागायचं: १७,१६,५०० ÷ २०,००० = ८५.८२५. एक्सेलमध्ये डॉलर B आणि दर C रकान्यात असतील, तर:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
```

वजन डॉलरचंच हवं. काही जण दराला जमा रुपयांचं वजन देतात, मग ८५.८३१४ येतं आणि ताळा सव्वाशे रुपयांनी चुकतो. फरक इतका बारीक की सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. बँकेचे शुल्क कापण्याआधीची रक्कम घ्या. शुल्क हा वेगळा खर्च आहे, तो दरात मिसळला की दर उगाच कमी दिसतो. आठवड्यांच्या सरासऱ्या काढून त्यांचीही सरासरी काढू नका, तिथे तीच चूक परत शिरते.

हिशेबाच्या वह्यांमधल्या नोंदींसाठी मूळ नियम व्यवहाराच्या दिवशीच्या दराचा. लेखामानक ११ नुसार आठवड्याची किंवा महिन्याची सरासरी सोयीसाठी वापरता येते, पण दरात मोठी हालचाल नसेल तरच. वरच्या उदाहरणात महिन्यात डॉलर सव्वादोन रुपयांच्या आसपास वर गेला आहे. अशा महिन्यात आम्ही प्रत्येक नोंद तिच्या तारखेच्या दरानेच करतो. भारित सरासरी मग पुढच्या ऑर्डरचा भाव ठरवताना आणि नफ्याचा अंदाज घेताना कामी येते.

म्हणून महिनाअखेरीस नुसती एकूण रक्कम न कळवता प्रत्येक जमेचं बँकेचं सूचनापत्र पाठवा. त्यावर डॉलर, दर आणि शुल्क वेगवेगळे असतात.