पार्श्वभूमी: ‘किंमतवाढ व आकस्मिक, ५ टक्के’ या ओळीत डॉलर कसा शिरला

आंब्याचा रस काढण्याचा, काजू सोलण्याचा किंवा मासळी गोठवण्याचा, कोकणातला कुठलाही प्रकल्प अहवाल उघडा. खर्चाच्या तक्त्यात शेवटून दुसरी ओळ बहुधा अशी असते: ‘किंमतवाढ व आकस्मिक खर्च, ५ टक्के’. यंत्र परदेशातून यायचं असो की खेडच्या वर्कशॉपमधून, ओळ तीच आणि टक्केही तेच. प्रकल्प तीन वर्षांचा असला तरी त्यात फरक नाही. यंत्र बंदरात आल्यावर संस्थेच्या सभेत जी भांडणं होतात, त्यातली निम्मी या ओळीतून निघतात.

फार मागे जायची गरज नाही. जून १९६६ मध्ये डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेला गेला. पण तो परवान्यांचा जमाना होता. डॉलर केवढ्याला पडेल यापेक्षा तो मिळेल की नाही, हीच चिंता मोठी होती. दराचा चटका खऱ्या अर्थाने लागला तो १९९१ नंतर. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रेल्वेमार्गाचं काम १९९० मध्ये सुरू झालं. बोगद्यांसाठी स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रं आणली गेली. याच कामाच्या काळात, १ आणि ३ जुलै १९९१ या दोन टप्प्यांत रुपया खाली आणला गेला आणि डॉलर २१ वरून २६ च्या आसपास गेला. मार्च १९९३ मध्ये दर बाजारावर सोपवला, तेव्हा तो ३१ च्या पुढे होता. म्हणजे १९९० सालच्या रुपयातल्या अंदाजाच्या तुलनेत तीन वर्षांत परदेशी मालाला, निव्वळ दरामुळे, जवळजवळ पावणेदोनपट रुपये लागत होते.

दाभोळच्या वीजप्रकल्पाने यावर दुसराच तोडगा काढला. १९९३ च्या डिसेंबरमधल्या वीजखरेदी करारात दराचा मोठा हिस्सा डॉलरशी बांधला गेला. प्रकल्पाच्या बाजूने पाहिलं तर अंदाजपत्रक चोख होतं, कारण रुपया घसरला तरी त्यांचं काही जात नव्हतं. करार झाला तेव्हा डॉलर ३१ च्या वर होता, आणि २००१ च्या मध्यावर खरेदी थांबली तेव्हा ४७ च्या घरात. वीज महाग पडायला इंधनासकट इतरही कारणं होती, पण रुपयाची घसरण कराराच्या कलमानुसार सरळ बिलात येत होती. त्या वादातून अनेकांनी ‘डॉलरमध्ये करार नको’ एवढाच धडा घेतला. माझ्या मते तो अर्धाच आहे. रुपयात करार केला तरी जोखीम कुणाकडे तरी राहतेच. पुरवठादार ती भावात घालतो आणि आपल्याला दिसत नाही, एवढंच.

२००७ ते २०१४ हा काळ मला जवळून माहीत आहे, आणि आजच्या ५ टक्क्यांच्या सवयीचं मूळ मला तिथेच दिसतं. २००७ मध्ये रुपया चक्क मजबूत झाला होता. २००८ च्या जानेवारीत डॉलर ३९ च्या आसपास होता, त्याच वर्षअखेरीस ५० वर गेला, आणि एप्रिल २०११ पर्यंत पुन्हा ४४ वर आला. हिशेब तपासणारा आणि कर्ज देणारा अधिकारी दोघांनीही ही ये-जा डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे ‘दर जातो आणि येतो, आजचा दर धरा’ हे वाक्य त्यांना अनुभवाचं वाटत होतं. चलनासाठी वेगळी ओळ घातली की ती फुगवटा म्हणून खोडली जायची. एकदा मी स्वतः अशी ओळ घातली होती, आणि ती पेन्सिलीने खोडून परत आली. बाजूला शेरा होता, ‘सट्टा नको’.

मग २०१३ आला. एक उदाहरण मांडतो. संस्था काल्पनिक आहे, पण दर त्या त्या महिन्यांच्या आसपासचेच घेतले आहेत. एप्रिल २०११ मध्ये १२ लाख डॉलरच्या गोठवण यंत्रणेचा अंदाज ४४.५० रुपयांनी केला, म्हणजे ५ कोटी ३४ लाख. आकस्मिक ५ टक्के धरले, म्हणजे २६ लाख ७० हजार. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे होते. २० टक्के आगाऊ जानेवारी २०१२ मध्ये गेले, तेव्हा डॉलर ५१ होता: १ कोटी २२ लाख. ७० टक्के एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, माल जहाजावर चढल्याचे कागद आल्यावर. मूळ वेळापत्रकात ते २०१३ च्या मार्चमध्ये होतं. पण चौथरा पावसाळ्याआधी पुरा झाला नाही, जागेवर शेड नव्हती, म्हणून माल गणपतीनंतर पाठवायला सांगितलं. कागद सप्टेंबर २०१३ मध्ये आले, तेव्हा डॉलर ६४ होता: ५ कोटी ३८ लाख. उरलेले १० टक्के चाचणीनंतर मार्च २०१४ मध्ये, ६१ च्या दराने: ७३ लाख. एकूण ७ कोटी ३३ लाख. अंदाजापेक्षा दोन कोटी जास्त, म्हणजे ३७ टक्के. यात सीमाशुल्क धरलेलं नाही.

सभेत कुणी म्हणतं, एवढं कुणाला कळणार होतं? सगळं नाही कळणार, पण काही भाग कळण्यासारखा होता. त्या काळात आपल्याकडची महागाई अमेरिकेपेक्षा वर्षाला साधारण ६ टक्के जास्त होती. एवढ्याच फरकाने दर सरकत जाईल असं धरून तिन्ही हप्ते मांडले, तर अंदाज ६ कोटी ५ लाखांवर जातो. म्हणजे दोन कोटींपैकी सुमारे ७१ लाख आधीच कागदावर असते. उरलेला सव्वा कोटीचा धक्का कुठल्याही टक्केवारीने भरला नसता. त्यासाठी नेहमीचं साधन म्हणजे बँकेकडून फॉरवर्ड घेणं, म्हणजे पुढच्या ठरावीक तारखेला लागणाऱ्या डॉलरचा दर आजच बांधून घेणं. जानेवारी २०१२ मध्ये वर्षाला ५ टक्के प्रीमियम धरून मोठा हप्ता २० महिन्यांसाठी बांधला असता, तर तो साधारण ५५.३० ला पडला असता आणि ७३ लाख वाचले असते. पण फॉरवर्डला तारीख असते. चौथरा राहिला, माल लांबला, तर तो पुढे ढकलावा लागतो किंवा मोडावा लागतो, आणि रुपया सावरला असेल तर मोडताना नुकसान सोसावं लागतं. पाऊस सात जूनला येतो हे दर कोकणी माणसाला पाठ असतं, तरी बांधकामाचं वेळापत्रक आणि चलनाची तारीख एकाच कागदावर मांडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

आता त्या घोळाच्या शब्दाकडे येतो: ‘किंमतवाढ’. मराठी अहवालांत तो तीन अर्थांनी येतो. इथल्या सिमेंट-मजुरीची महागाई, परदेशी कारखानदाराने वाढवलेला भाव, आणि रुपयाची घसरण. शहाण्यासुरत्या सल्लागारांचेही अंदाज इथे फसतात, आणि चूक दोन्ही बाजूंनी होते. एक तर सगळं ५ टक्क्यांत कोंबतात. नाहीतर खबरदारी म्हणून आयात यंत्रावर आधी इथली महागाई लावतात आणि वर रुपयाची घसरणही लावतात. ही दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही, कारण आकडा मोठा दिसला की सगळ्यांना सुरक्षित वाटतं.

उदाहरण सोपं आहे. समजा इथली महागाई ५ टक्के आणि अमेरिकेतली २ टक्के. यंत्राचा डॉलरमधला भाव वर्षभरात २ टक्क्यांनी वाढेल. दोन महागाईंच्या फरकाने रुपया सुमारे २.९ टक्के घसरेल. दोन्ही गुणले की रुपयातला भाव बरोबर ५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे इथल्या महागाईएवढाच. म्हणून आयात यंत्राला एक तर परदेशी महागाई आणि चलन हे दोन्ही लावायचे, किंवा फक्त इथली महागाई. इथली महागाई लावून वर चलनही लावलं, तर घसरण दोनदा मोजली जाते. तीन वर्षांच्या प्रकल्पात १० कोटींच्या यंत्रावर हा दुहेरी मोजणीचा फुगवटा एक कोटीपर्यंत जातो. मग कर्ज देणारा तो पकडतो, आणि चिडून सगळीच तरतूद खोडतो, खरी असलेलीसुद्धा.

आकस्मिक खर्च ही तर वेगळीच गोष्ट. जांभ्याऐवजी मऊ माती लागली, केबल शंभर मीटर जास्त लागली, यासाठी तो असतो. भाव वाढला म्हणून तो खाल्ला, तर माती लागल्यावर हातात काही उरत नाही. मोठ्या सरकारी प्रकल्पांच्या सुधारित अंदाजात किंमतवाढ आणि विनिमय दरातला फरक ही कारणं इतर वाढीपासून वेगळी दाखवण्याची पद्धत रूढ आहे. छोट्या संस्थांच्या तक्त्यात ती अजून उतरलेली नाही.

सरकारी खरेदीच्या नियमांत आणखी एक रेघ आहे. पुरवठा १८ महिन्यांच्या आत असेल, तर भाव साधारणपणे पक्का ठेवावा. भावबदलाचं कलम त्यापुढच्या करारांसाठी. आयात भाग मोठा असेल तर दरफरकाचं कलम वेगळं घालता येतं. हे कलम घातलं तरी वाद संपत नाही, कारण दर कुठल्या दिवसाचा? जहाजावर माल चढल्याचा, बँकेने पैसे कापल्याचा, की सीमाशुल्काची बिल ऑफ एन्ट्री भरल्याचा? २०१३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या तीन तारखांत डॉलरमागे चार-पाच रुपयांचा फरक सहज पडत होता. शिवाय वर्तमानपत्रातला दर बँक देत नाही. ती आपला विक्रीदर लावते, तो काही पैसे वर असतो. पुरवठादाराच्या चुकीने माल उशिरा आला तर त्या काळातली घसरण कुणाची, हेही कलमात लिहावं लागतं. सहसा मूळ मुदतीपर्यंतचीच घसरण मान्य होते.

२०२२ मध्ये हे सगळं पुन्हा दिसलं, पण उलट्या बाजूनेही. डॉलर जानेवारीत ७४-७५ होता, ऑक्टोबरमध्ये ८३ झाला. त्याच काळात जपानी येन रुपयाच्या तुलनेत स्वस्त झाला, आणि युरोही सप्टेंबरपर्यंत खाली होता. ज्यांची यंत्रं जपानची होती आणि भाव येनमध्ये होता त्यांचे पैसे उरले. ‘परकीय चलन ६ टक्के’ अशी एकच ओळ घालणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडे चुकला. आणि पूर्वी २ टक्क्यांवर सोडून दिलेली अमेरिकेची महागाई त्या जूनमध्ये ९.१ टक्के होती, त्यामुळे नवी कोटेशनं महिनाभराच्याच मुदतीने येऊ लागली.

शुल्काचा हिशेबही तेव्हाच डोळ्यांत भरला. यंत्रावर ७.५ टक्के मूळ सीमाशुल्क, त्यावर दहा टक्के अधिभार आणि वर १८ टक्के आयजीएसटी असेल, तर १० लाख डॉलरच्या यंत्राला रुपया एकाने घसरला की १० लाख नव्हे, पावणेतेरा लाख जास्त लागतात. आयजीएसटीचं क्रेडिट मिळणाऱ्याला त्यातले सुमारे दोन लाख नंतर परत येतात. पण कंटेनर न्हावाशेव्याला उभा असताना ते आधी भरावेच लागतात, आणि भरायला उशीर झाला की डिमरेज रोज चढतं.