ओआरएसमधली साखर एनर्जीसाठी नसते!

परवा एक मित्र दुपारी उन्हातनं आला, घसा कोरडा ठणठणीत. बॅगेतनं ओआरएसचं पाकीट काढलं, एक लिटरवालं, आणि सगळंच्या सगळं एका ग्लासात ओतून ढवळलं. म्हटलं अरे हे काय, तर म्हणे "स्ट्राँग केलं की लवकर एनर्जी येते." त्या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत आणि दुसऱ्यावर मी तासभर बोलू शकतो, तेव्हा हा लेख.

आधी घशाचं बघू. उन्हात घाम गेला की रक्तातलं पाणी कमी होतं आणि मीठ त्या मानाने जास्त उरतं, कारण घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. रक्ताचा हा दाटपणा एक-दोन टक्के जरी वाढला तरी मेंदूतल्या काही पेशींना ते कळतं, तहान लागते, किडनीला पाणी धरून ठेवायचा निरोप जातो आणि लाळही कमी होते. म्हणून तोंड चिकट, घसा कोरडा. पण नुसतं तोंडाने श्वास घेतला किंवा सर्दीची काही औषधं घेतली तरी घसा कोरडा पडतो, शरीरात पाणी भरपूर असताना. म्हणजे घसा हा काही फार भरवशाचा मीटर नाही.

उलट बाजूनेही तो फसवतो. तहानलेला माणूस घटाघट पाणी पितो आणि मिनिटभरात "हुश्श" करतो, पण त्या वेळी बरंचसं पाणी अजून पोटातच असतं! रक्तात फरक पडायला दहा-एक मिनिटं तरी जातात. मेंदू तोंडातला गारवा आणि गिळण्याची हालचाल यावरून आगाऊ हिशोब करतो आणि तहान बंद करून टाकतो. त्यात घामाबरोबर मीठही गेलेलं असेल तर नुसत्या पाण्याने रक्त लवकर पातळ होतं, दाटपणा नॉर्मल झाला म्हणून तहान थांबते, किडनी जादाचं पाणी लघवीवाटे सोडून देते, आणि एकूण तूट मात्र तशीच राहते. उन्हात घाम गाळून आल्यावर भरपूर पाणी प्यायलं, दोनदा लघवीलाही गेलो, तरी गळून गेल्यासारखं वाटतं, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. पाणी शरीरात टिकायचं तर सोबत सोडियम हवं.

मग मीठ घाला, साखर कशाला? इथे खरी गंमत आहे. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं 13.5 ग्रॅम. त्यातनं मिळणार किती, तर जेमतेम 54 कॅलरी. एवढ्यात कसली एनर्जी. ते ग्लुकोज तिथे असतं दार उघडायला.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूच्या पेशींवर एक प्रोटीन असतं, एसजीएलटी-1 नावाचं. याला फिरत्या दारासारखं समजा, फक्त अट अशी की सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे तिघं जमले की मगच ते फिरणार. नुसतं सोडियम आलं तर हे दार हलत नाही. तिघं पेशीत शिरले की पेशीच्या मागच्या बाजूला बसलेला पंप सोडियमला रक्ताच्या बाजूला ढकलतो, ग्लुकोज तिथल्याच दुसऱ्या वाटेने बाहेर पडतं, आणि पेशींच्या मागच्या त्या चिंचोळ्या जागेत मीठ वाढलं की पाणी त्याच्या मागोमाग ओढलं जातं. पाण्याला कुणी उचलून नेत नाही, ते मिठाच्या मागे जातं. (हा परिच्छेद दोनदा वाचावा लागला तरी हरकत नाही, मला कॉलेजात चार वेळा लागला होता.) ग्लुकोज आणि सोडियमची ही जोडी बायोकेमिस्ट रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली.

कॉलऱ्यात आतडं स्वतःच बदाबदा पाणी सोडत असतं, पण हे दार मात्र शाबूत राहतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी थेट तोंडाने पाजायला लावलं, नातेवाईकांच्या हातून. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं.

आता मित्राचा ग्लास. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 पासून सुचवलेल्या ओआरएसचा दाटपणा 245 आहे (युनिट सोडून द्या), रक्ताचा साधारण 285 ते 290. म्हणजे मिश्रण रक्तापेक्षा जरा पातळ, म्हणून पाणी आतड्यातनं रक्ताकडे सहज जातं. लिटरचं पाकीट 200 मिलीत घातलं की हाच आकडा पाचपट, 1225! मग पाणी उलट दिशेला, रक्तातनं आतड्यात येतं. पोटात कळ, जुलाब आणि तहान आणखी वाढणार. लहान मुलांत तर रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. लिटरला 100 ग्रॅमच्या आसपास साखर असलेली थंड पेयं याच कारणाने कामाची नाहीत, साखर ढीगभर आणि सोडियम नावाला. आणि ते "अल्कलाइन पाणी" विकतात ना, ते पोटातल्या ॲसिडमध्ये पडलं की त्याचा अल्कलाइनपणा तिथेच संपतो, सो पैसे वाचवा.

किती प्यायचं ते वजनकाट्यावर कळतं. समजा उन्हात कामाला जाण्याआधी वजन 62 किलो, परत आल्यावर 60.5, आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायलं. म्हणजे घाम गेला जवळपास 2 लिटर आणि तूट उरली दीड लिटर. घामात लिटरला 40 मिलिमोल सोडियम धरलं (माणसागणिक हे बरंच बदलतं) तर गेलं 80, साधारण पावणेपाच ग्रॅम मीठ. एक लिटर ओआरएसमध्ये सोडियम 75. म्हणजे एक लिटर ओआरएस आणि वर अर्धा-पाऊण लिटर साधं पाणी, दोनेक तासात थोडं थोडं करून, हिशोब जवळपास जुळला. तासाभराचाच घाम असेल आणि नंतर नीट जेवण होणार असेल तर साधं पाणी पुरतं, मीठ जेवणातनं येतं. आणि उलट, वजन वाढलंय, डोकं दुखतंय, मळमळतंय, तरी पाणी ढोसणं चालूच असेल तर थांबा, रक्तातलं सोडियम खाली गेलेलं असू शकतं.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. यात पाकिटातलं पोटॅशियम नसतं, पण ते दार उघडायला एवढं पुरतं. किडनी, हार्ट किंवा बीपीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावं.

माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलंय, शुद्ध हरपतेय, तर मात्र तोंडात काहीही ओतू नका, तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी टाकून जोरात वारा घाला आणि ॲम्ब्युलन्स बोलवा.

मित्राचा ग्लास मी शेवटी लिटरच्या बाटलीत रिकामा केला आणि वर पाणी भरलं. "चवच गेली" म्हणाला. उरलेलं उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवू का, हेही विचारलं. ठेव म्हटलं, पण कालवल्यापासून चोवीस तास झाले की ओतून दे.