खांद्याला बसणारा धक्का किती ऊर्जेचा?

“क्रिया-प्रतिक्रिया समान असते, मग गोळीइतकीच ऊर्जा बंदुकीलाही मिळत असणार ना?”

नाही. समान असतो तो संवेग. महूची लष्करी छावणी इंदूरहून जवळच, म्हणून इथल्या मुलांना रायफलचंच उदाहरण देऊ. रायफल 4 किलोची, गोळी 10 ग्रॅमची, वेग सेकंदाला 800 मीटर. गोळीचा संवेग 0.01 × 800 = 8. रायफलचाही उलट दिशेला 8, म्हणून तिचा वेग 8 ÷ 4 = 2 मीटर.

आता गतिज ऊर्जा, म्हणजे ½mv². गोळीची 3200 जूल, रायफलची फक्त 8. चारशेपट फरक, वस्तुमानांच्या गुणोत्तराइतकाच.

याचं कारण अंतरात आहे. बल सारखं, वेळही सारखा. पण गोळी नळीत 60 सेंटीमीटर धावते तेवढ्यात रायफल जेमतेम दीड मिलिमीटर सरकते. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे मुलं नेमकं इथंच विसरतात.

प्रत्यक्षात धक्का याहून मोठा असतो, कारण दारूचा वायूही संवेग घेऊन पुढे जातो. आणि दस्ता खांद्याला घट्ट टेकवला नाही, तर मोकळी रायफल वेग घेऊन खांद्यावर आदळते.