कोटी मराठीत येते, पण धंदा बदलून

“शब्दावरचा इंग्रजी विनोद मराठीत आणताच येत नाही, तळटीपच द्यावी लागते ना?”

येतो, फक्त मूळ शब्दाचा हट्ट सोडावा लागतो. ‘आय वॉज अ बँकर, बट आय लॉस्ट इंटरेस्ट’ घ्या. इंटरेस्ट म्हणजे व्याजही आणि रसही. मराठीत हे दोन्ही एका शब्दात मावत नाहीत. मग माणसाचा धंदाच बदला: ‘रसवंती चालवायचो, पण त्यात रस उरला नाही.’ चित्रपटाचा अनुवाद असेल आणि पडद्यावर बँकच दिसत असेल तर ही सोय नाही. तिथे ‘बँकेत होतो, पण मुद्दलातच घोळ होता’ चालून जातं (हशा थोडा कमी, कबूल). खरी पंचाईत पुढची पात्रं त्याच व्याजावरून बोलत राहिली की होते. तेव्हा ही कोटी सोडून जवळच्या संवादात दुसरी पेरतात.