नुसता 🙏 आला, तर उत्तर काय द्यायचं?

कोपरखैरण्यात घरगुती डबे देणाऱ्या एका ताईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून मेसेज येतो. त्यात फक्त 🙏, ना नाव ना काम. आता याचं काय करायचं?

आपल्याकडे हे चिन्ह नमस्कार, आभार, विनंती, माफी, अगदी श्रद्धांजलीसाठीही चालतं. म्हणून ते संदिग्ध वाटतं, पण मेसेज पहिलाच आहे एवढ्यानेच बरेच अर्थ गळून पडतात. आभार मानायला आधी काहीतरी मिळालेलं असावं लागतं, माफीला आधी काही चुकलेलं. दोन्ही नसेल तर उरतात नमस्कार आणि विनंती, आणि पहिल्या मेसेजमध्ये ती सहसा एकत्रच असतात: ‘कोणी आहे का? थोडं काम होतं.’

संभाषणाचा अभ्यास करणारे याला हाक म्हणतात. एमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोलिसांच्या तक्रार कक्षातली सुमारे ५०० फोन संभाषणं तपासली. जवळपास प्रत्येक वेळी आधी बोलला तो फोन उचलणारा. अपवाद एकच निघाला. त्यावरून त्याने मांडलं की फोनची घंटी हीच पहिली हाक असते. ‘हॅलो’ म्हणजे त्या हाकेला दिलेली ओ, आणि ओ मिळाली की हाक मारणाऱ्याने काम सांगायचं असतं.

फोनवर हे सगळं दोन सेकंदांत उरकतं, चॅटमध्ये मात्र एकेका फेरीला तास जातात. शिवाय ताईंनीही नुसता 🙏 परत पाठवला तर नमस्काराला नमस्कार होऊन जोडी पुरी होते. दोघंही आपली पाळी संपली असं धरून गप्प बसतात आणि गिऱ्हाईक जातं. ‘बोला’ हे उत्तर ओळखीत ठीक. अनोळखी माणसाला त्यातून आपण योग्य जागी आलोय का हेही कळत नाही. दुसरं टोक म्हणजे पूर्ण दरपत्रक धाडून देणं. तो माणूस डबा मागायला आलाय की स्वयंपाकाचं काम, हे अजून ठाऊकच नाही.

म्हणून ओ आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये द्यावेत, आणि प्रश्न एकच, एका शब्दात उत्तर देता येईल असा:

‘नमस्कार 🙏 कोपरखैरणे घरगुती डबा. डबा हवा आहे का?’

इथे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ मुद्दाम नाही. पलीकडे कोण आहे ते माहीत नाही. नवी मुंबईत समोरच्याला मराठी कितपत येतं हेही सांगता येत नाही, म्हणून वाक्यं छोटी. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी एकदाच विचारावं, मग सोडून द्यावं.

हे झालं धंद्याच्या नंबरचं. खासगी नंबरवर ‘नमस्कार, आपण कोण?’ एवढंच पुरे. तुम्ही उत्तर दिलंत की नंबर चालू आहे हे समोरच्याला कळतंच. त्यापुढे नाव, पत्ता, ओटीपी काही देऊ नये.

👍 चा स्वभाव वेगळा. तो मुळात उत्तर आहे, त्यामुळे पहिला मेसेज म्हणून आला की प्रश्न कुठे राहिला ते शोधायचं. मेसेजच्या वर तुमचं स्टेटस दिसतंय का? प्रोफाइलमध्ये एखादा सामाईक ग्रुप आहे का, आणि सोसायटीच्या त्या ग्रुपवर तुम्ही काही विचारलं होतं का? फेसबुकच्या मेसेंजरवर आणखी एक शक्यता असते. तिथे लिहायच्या चौकटीशेजारीच अंगठ्याचं बटण असतं, चुकून बोट लागलं तरी तो जातो. संदर्भ सापडलाच नाही, तर ‘नमस्कार, हे कशाबद्दल आहे?’ असं सरळ विचारावं.

खरी गफलत पुढे होते. ताईंनी दर कळवला आणि उत्तरात 👍 आला. दर वाचला, की डबा ठरला? कॅनडात हाच वाद कोर्टात गेला. धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो पाठवून ‘कन्फर्म करा’ असं लिहिलं, शेतकऱ्याने 👍 पाठवला आणि पुढे माल दिलाच नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की करार मिळाला, एवढंच सांगायचं होतं. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तो होकारच धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनडियन डॉलर भरपाई लावली. कारण त्या दोघांचे आधीचे सौदेही ‘ओके’सारख्या एक-दोन शब्दांवर पक्के झाले होते आणि माल पोचला होता.

ताईंच्या गिऱ्हाइकाशी असा मागचा व्यवहार नाही. तेव्हा त्या अंगठ्यावर भाजी चिरायला घेऊ नये. ‘उद्यापासून २ डबे, दुपारी १ वाजता, सेक्टर १५. पक्कं असेल तर “हो” लिहा आणि इमारतीचं नाव पाठवा,’ असं लिहावं. इमारतीचं नाव अंगठ्याने सांगता येत नाही, म्हणून शब्दात उत्तर येतं. तरीही पुन्हा 👍 च आला, तर सरळ फोन लावावा.