गाडीचं दार लागलं की शांतता

रविवारी दुपारी सदाशिव पेठेत सासूबाईंच्या शेजारी बसून अळूची पानं निवडताना जी बाई तास-दीड तास अखंड बोलत असते, सासऱ्यांच्या जुन्या विनोदाला दाद देते, नवऱ्याच्या मित्राच्या बायकोला आठवणीने लोणच्याची बाटली बांधून देते, तीच बाई परतीच्या वाटेवर कर्वे रस्त्यापासून चांदणी चौकापर्यंत चार शब्द बोलत नाही. नवऱ्याच्या डोक्यात मग एकच प्रश्न घोळतो: हिला माझी सगळी माणसं आवडतात, फक्त मी आवडत नाही का?

सुनेच्या जागी जावई ठेवला तरी चित्र तेच. सासुरवाडीला गप्पांचा फड जमवणारा आणि घरी आल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा जावई पुण्यात काही दुर्मीळ नाही.

या प्रश्नाचं उत्तर शोधताना पहिली चूक होते ती तुलनेतच. चारचौघांतलं वागणं हे खरं माप आणि घरातलं वागणं ही त्यातली तूट, असं आपण धरून चालतो. पण पाहुण्यांसमोर प्रत्येकच माणूस थोडा जास्त उजळतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. प्रेमात असलेल्या जोडप्यांतल्या काहींना आपल्याच जोडीदाराशी, तर काहींना अनोळखी माणसाशी थोडा वेळ बोलायला लावलं. आपल्या माणसाशी बोलून जास्त बरं वाटेल, असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात अनोळखी माणसाशी बोलूनही त्यांना अपेक्षेपेक्षा बरंच बरं वाटलं. कारण साधं आहे. परक्यासमोर आपण चेहरा हसरा ठेवतो, आवाजात उत्साह आणतो, आणि हे करता करता आपलाच मूड सुधारतो. घरच्या माणसासमोर ते कष्ट आपण घेत नाही. म्हणजे थोडी तफावत ही नात्यातल्या बिघाडाची खूण नसून नात्यातल्या मोकळेपणाची किंमत असते. विचारायला हवं ते इतकंच, की घरातली ऊब किती आहे आणि ती नेमकी कधी कमी होते.

ते मोजता येतं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी एका सदनिकेसारख्या प्रयोगशाळेत नवविवाहित जोडप्यांना राहायला बोलावलं आणि त्यांच्या साध्यासुध्या बोलण्याचं चित्रीकरण केलं. भांडणांपेक्षा त्यांचं लक्ष वेधलं ते बारीकसारीक गोष्टींनी. ‘बघ, किती मोठा पक्षी’, ‘आज ऑफिसात गंमत झाली’, किंवा नुसता एक उसासा. लक्ष वेधण्याच्या अशा प्रत्येक प्रयत्नाला आपण मराठीत सरळ ‘हाक’ म्हणू. हाकेचं तीनपैकी एक काहीतरी होतं. समोरचा ओ देतो, किंवा हाक हवेत विरते, किंवा समोरचा खेकसतो. सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा लग्न टिकलेल्या जोडप्यांनी प्रयोगशाळेत शंभरातल्या 86 हाकांना ओ दिलेली होती, घटस्फोट झालेल्यांनी 33. हे आकडे एका छोट्या गटाचे आहेत, त्यांना पासिंगचे मार्क समजू नये. मोलाची आहे ती मोजायची रीत.

आता एक उदाहरण घेऊ. कल्पित आहे, पण धाटणी नेहमीची. समीर आणि केतकी, बावधनला राहतात, लग्नाला सहा वर्षं. समीरची तक्रार वर लिहिली तीच. त्याने दोन आठवडे रोज रात्री पाच मिनिटं वहीत टिपायचं ठरवलं. केतकीचं वागणं टिपायचं नाही, आपण मारलेल्या हाका टिपायच्या: किती वाजता, काय म्हणालो, पुढे काय झालं. हा फरक महत्त्वाचा आहे. जोडीदाराच्या चुकांची वही लिहायला घेतली की आठवड्यात ती आरोपपत्र होते, आणि माणूस तेच शोधायला लागतो जे त्याला सापडायला हवं असतं.

चौदा दिवसांत 52 हाका झाल्या. ओ मिळाली 27 ना, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. एवढ्याने काहीच कळत नाही. वेळ पाहिली तेव्हा मात्र चित्र उलगडलं. सकाळी चहाच्या वेळच्या 20 हाकांपैकी 16 ना ओ होती. दोन्ही रविवारी सदाशिव पेठेतून निघाल्यापासून झोपेपर्यंतच्या 12 पैकी फक्त 2 ना. उरलेल्या 20, आठवड्यातल्या संध्याकाळच्या, त्यांत 9.

वेळेनुसार ऊब बदलत असेल तर पहिला संशय थकव्यावर घ्यावा. मानसशास्त्रज्ञ रेना रेपेट्टी यांनी 1989 मध्ये विमानांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आणि त्यांच्या बायकांचा अभ्यास मांडला. ज्या दिवशी कामाचा ताण जास्त, त्या दिवशी हे लोक घरी अधिक मिटलेले असत. राग नव्हे, मिटणं. सासरचा रविवारही कामच असतो, फक्त त्याला कोणी काम म्हणत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 साली विमानातल्या परिचारिकांच्या हसण्याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. सुनेचं हसणं त्याच जातीचं. ते खोटं असतं असं नाही. केतकीला सासूबाई मनापासून आवडत असतील. पण आवडत्या माणसांसमोरही कोणाला वाढायचं, कोणाचा विषय टाळायचा, मामंजींचा तोच किस्सा कुठे हसून उचलायचा, याचा हिशेब डोक्यात चालूच असतो. समीर त्या घरात सोफ्यावर लवंडू शकतो, ती नाही. गाडीचं दार लागतं तेव्हा त्याचा रविवार सरत आलेला असतो आणि तिची ड्यूटी नुकतीच संपलेली असते.

वहीत दुसरी गोष्ट दिसली ती हाकांच्या शब्दांत. सकाळच्या हाका अशा: ‘दूध आज दाट आहे, बघ.’ रविवार रात्रीच्या अशा: ‘काय झालं?’, ‘गप्प का?’, ‘आईशी तर छान बोलत होतीस.’ समीरला या सगळ्या आपुलकीच्या चौकशा वाटत होत्या. ऐकणाऱ्याला त्या तपासणी वाटतात. ख्रिस्टेन्सन आणि हेवी या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये दाखवलेला साचा इथे तंतोतंत बसतो: ज्याला बदल हवा असतो तो मागे लागतो, ज्याच्याकडून तो हवा असतो तो मागे सरतो. तो सरकला की पहिला आणखी जोर करतो. सासूबाई आणि मित्र तिच्याकडून कुठलाच बदल मागत नाहीत, म्हणून त्यांच्यापाशी मागे सरायचं कारणच नाही. नवरा-बायकोत मात्र सहा वर्षांचा हिशेब थकलेला असतो.

या सगळ्यांत ‘आईशी तर छान बोलत होतीस’ हे सगळ्यांत महागात पडणारं वाक्य. त्याने तिचा चांगुलपणाच पुरावा म्हणून तिच्याविरुद्ध वापरला जातो. पुढच्या वेळी ती सदाशिव पेठेतही जपून बोलेल, किंवा यायचं टाळेल. घरातली ऊब मात्र तसूभर वाढणार नाही.

तिसरं कारण ओळखायला कठीण. काही माणसांना ऊब झेपते, पण अंतर राखून. घोळक्यात हे अंतर आपोआप मिळतं, दोघांत मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये केलेल्या प्रयोगात तरुणींना सांगितलं, की आता तुमच्यावर एक अस्वस्थ करणारी चाचणी होणार आहे, आणि जोडीदारासोबत थोडा वेळ थांबायला लावलं. जवळीक टाळण्याकडे कल असलेल्या स्त्रिया जितक्या जास्त घाबरल्या तितका आधार कमी मागत गेल्या. तसाच कल असलेले पुरुष जोडीदार घाबरलेली दिसली की आधार देण्यात आखडले. वहीत याची खूण वेगळी दिसते. गारवा थकव्यानंतर येत नाही, तो चांगल्या क्षणानंतर येतो: महाबळेश्वरच्या दोन छान दिवसांनंतरचा अबोला, किंवा तुम्ही तापाने फणफणलेले असताना जोडीदाराला अचानक आठवलेली ऑफिसची कामं. असं वारंवार दिसत असेल तर घरच्या घरी हाका बदलून फारसं भागत नाही. जोडप्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे दोघांनी जावं.

आणि दोन गोष्टींत वही बाजूला ठेवावी. नैराश्यातला माणूस तासभर लोकांत निभावून नेतो आणि एकटा पडला की कोसळतो. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टर गाठावा. दुसरं, बाहेर सर्वांशी मिठ्ठास आणि घरात अपमान, पैशांवर पहारा, फोनची झडती, धमक्या, असं असेल तर तो गारवा नव्हे. जोडीदाराच्या पावलांचा आवाज आला की पोटात गोळा येतो का, हे स्वतःला विचारावं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात स्त्रियांचा शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. अशा घरात हाका मोजत बसू नये.

समीरच्या वहीत यांतलं काही नव्हतं. त्याने तीन बदल केले. रविवारी परतताना आणि घरी आल्यावर अर्धा तास एकही प्रश्न विचारायचा नाही. रेडिओ चालतो, गप्प बसलेलं चालतं, पण रुसून गप्प बसलेलं चालत नाही, ते लगेच कळतं. दुसरं, सदाशिव पेठेत जेवणं झाली की भांडी आणि आवराआवर त्याने घ्यायची आणि तिने आतल्या खोलीत वीस मिनिटं पडायचं, आईला हे त्यानेच सांगायचं. आई म्हणाली, ‘अरे, तिला कुठे जड जातंय?’ यावर वाद घालायचा नाही, भांडी घासायची. तिसरं, बोलायचं ते शनिवारी सकाळी, एकदाच, तुलना न करता. तो म्हणाला, ‘रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं आपण दोघं बोललो तर मला बरं वाटेल. तुला कोणती वेळ जमेल?’ केतकी म्हणाली, ‘रात्री नको. माझं डोकं बंद झालेलं असतं. सकाळी डबा भरताना चालेल?’

त्याला रात्र हवी होती. मिळाली सकाळ. ती त्याने घेतली, हे बरं केलं.

सहाव्या आठवड्यात त्याने पुन्हा सात दिवस टिपलं, या वेळी तिने मारलेल्या हाकाही. रविवारची गाडी अजून शांतच होती, आकडा जवळपास तोच. सकाळच्या डब्याच्या वेळी मात्र केतकीच्या स्वतःच्या 11 हाका निघाल्या, आणि त्यांतल्या 4 ना समीरनेच फोनमधून मान वर न काढता ‘हं’ म्हटलं होतं.