उड्डाणाआधी पोहोचलेले फोटो

टोकियोहून १० मे रोजी संध्याकाळी ५ वाजता सुटलेले विमान साडेनऊ तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरते, तेव्हा तिथल्या घड्याळात त्याच दिवशीचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. मोबाइलने दोन्ही ठिकाणी स्थानिक वेळ अचूक नोंदवली, तरी नुसत्या तारखेच्या आणि तासाच्या क्रमाने लावल्यास उतरल्यानंतरचे फोटो निघण्याआधीच्या फोटोंच्या पुढे जाऊन बसतात. येथे चूक कोणत्याच घड्याळाची नाही. वेळ कोणत्या प्रमाणवेळेतली आहे, ही माहिती हरवली आहे.

फोटोच्या फाइलमध्ये ‘एक्झिफ’ नावाची माहिती जोडलेली असते आणि तिच्यातील DateTimeOriginal या रकान्यात फोटो टिपल्याची तारीख व वेळ असते. या रकान्यात कालविभाग लिहिण्याची सोयच नाही. जागतिक प्रमाणवेळेपासूनचा, म्हणजे यूटीसीपासूनचा, फरक, अर्थात ऑफसेट, नोंदवणारा OffsetTimeOriginal हा वेगळा रकाना २०१६ मध्ये आलेल्या एक्झिफच्या २.३१ आवृत्तीत प्रथम दाखल झाला. आजचे बहुतेक मोबाइल तो भरतात. जुने कॅमेरे मात्र तो रिकामा ठेवतात.

आता याच प्रवासात बरोबर एक कॅमेराही होता आणि त्याचे घड्याळ कोणी बदललेच नाही, असे समजू. सॅन फ्रान्सिस्कोत मोबाइलवर दुपारचा १ वाजला असताना त्या मोबाइलच्या पडद्याचाच कॅमेऱ्याने एक फोटो काढावा. फाइलमध्ये ११ मे, पहाटे ५ वाजून ४ मिनिटे अशी नोंद सापडली, तर कॅमेरा १६ तास ४ मिनिटे पुढे आहे. मे महिन्यात टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे आणि सॅन फ्रान्सिस्को ७ तास मागे असते, म्हणून १६ तास कालविभागाचे झाले. उरलेली ४ मिनिटे कॅमेऱ्याचे घड्याळ पुढे गेल्यामुळे आली. फरकाचा आकार असा कारण सांगून जातो. सुटी मिनिटे उरली तर बहुधा घड्याळ सरकलेले असते. नेमका एक तास उरला तर उन्हाळी वेळेचा हिशेब चुकलेला असण्याची शक्यता अधिक. फरक पूर्ण तासांचाच असेल असे मात्र धरू नये, कारण भारत यूटीसीच्या साडेपाच तास आणि नेपाळ पावणेसहा तास पुढे आहे.

दोन्ही गावांचे कॅमेऱ्यातले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने दुरुस्ती अशी करता येते:

```
exiftool "-AllDates-=0:04" "-OffsetTime*=+09:00" tokyo
exiftool "-AllDates-=16:04" "-OffsetTime*=-07:00" sf
```

पहिल्या आज्ञेत फक्त ४ मिनिटे वजा होतात, कारण टोकियोत कालविभाग बरोबरच होता. विमानातले फोटो कोणत्या फोल्डरमध्ये टाकावेत, याची काळजी करू नये. ऑफसेट लिहिला गेला की ते टोकियोच्या वेळेत राहिले काय किंवा दुसऱ्या वेळेत गेले काय, क्षण तोच राहतो आणि क्रम बिघडत नाही. खरा धोका वेगळाच आहे. या आज्ञा वेळ ठरवत नाहीत, सरकवतात, त्यामुळे दुसरी आज्ञा चुकून दोनदा चालवली की फोटो ३२ तास ८ मिनिटे मागे जातात. प्रोग्रॅम मूळ फाइल _original या शेपटीसह जपून ठेवतो. पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्या प्रती हटवू नयेत.

पडताळणीसाठी मोबाइलच्या फोटोंतील जीपीएसची वेळ उपयोगी पडते, कारण ती यूटीसीमध्ये लिहिलेली असते. एकाच प्रसंगाचे मोबाइलचे आणि कॅमेऱ्याचे फोटो निवडावेत व कॅमेऱ्याच्या दुरुस्त वेळेतून ऑफसेट वजा करून पाहावा: दुपारी १ मधून उणे ७ वजा केले की २० वाजतात, आणि मोबाइलची जीपीएस वेळही तिथेच यायला हवी. मोबाइलने जुने स्थान वापरले असेल तर ही वेळ थोडी मागे असू शकते, म्हणून एकाच जोडीवर विसंबू नये.

व्हिडिओंची तऱ्हा निराळी आहे. एमपी४ फाइलमधील वेळ नियमानुसार यूटीसीत असायला हवी, पण अनेक कॅमेरे तिथे बिनदिक्कत स्थानिक वेळ लिहितात. व्हिडिओ फोटोंपासून नेमक्या ऑफसेटइतकेच दूर पडले असतील, तर कारण हेच समजावे.

एवढे करूनही काही संग्राहक प्रोग्रॅम ऑफसेट वाचतच नाहीत. निघण्याआधीचा एक आणि उतरल्यानंतरचा एक, असे दोनच फोटो त्यात टाकून पाहिले की हे लगेच कळते. क्रम उलटा आला, तर सगळ्या फोटोंची वेळ एकाच कालविभागात, समजा टोकियोच्या, आणून ठेवणे हा उपाय उरतो. त्यात क्रम खरा राहतो, परंतु सॅन फ्रान्सिस्कोतले दुपारचे जेवण पहाटे ५ वाजताचे दिसते. माझ्या मते असा प्रोग्रॅम वापरणे भागच असेल, तर ही बदललेली वेळ केवळ प्रतींमध्ये लिहावी आणि मूळ फाइलींत स्थानिक वेळ व ऑफसेट तसेच ठेवावेत.